आठवणीचा ईमेल आला होता, तरी 3,499 रुपये गेले

यंदा 14 मार्चला सकाळी सव्वासहाला माझ्या खात्यातून 3,499 रुपये गेले. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी गेल्या वर्षी व्यायामाचं एक अ‍ॅप घेतलं होतं, त्याचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षाचे 399 रुपये भरले होते. आईंनी ते जेमतेम दोन महिने वापरलं. मग गल्लीतल्याच एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जायला लागल्या आणि मी फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं. विषय संपला, असं मी धरून चालले.

कंपनीला फोन केला तर उत्तर तयार होतं, "मॅडम, आम्ही तुम्हाला आठवण पाठवली होती." शोधलं, तर खरंच 2 मार्चचा ईमेल होता. तो मी उघडलाही होता. उघडून, वाचूनसुद्धा मला काही कळलं नव्हतं, आणि म्हणूनच हे सगळं लिहिते आहे. विषयाची ओळ होती, "तुमचा आरोग्यप्रवास असाच सुरू राहो!" आत एका हसऱ्या आजींचा फोटो आणि खाली हा मजकूर:

"प्रिय सदस्य, आमच्या कुटुंबाचा भाग असल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तुमच्या सेवेत खंड पडू नये म्हणून तुमची योजना येत्या काळात लागू दरानुसार आपोआप पुढे सुरू राहील. तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही. तुमच्या पसंती तुम्ही कधीही प्रोफाइलमधून बदलू शकता."

पुन्हा वाचा. रक्कम नाही, तारीख नाही, 'रद्द' हा शब्द नाही. 'पैसे' हा शब्दसुद्धा नाही! 'लागू दर' म्हणजे गेल्या वर्षीच्या जवळपास नऊपट, हे मला स्वप्नात तरी सुचलं असतं का? 'पसंती' म्हणजे रद्द करायची जागा हेही कुणाला कळणार? आणि 'काहीही करण्याची गरज नाही' हे वाक्य तर सरळ सांगतं की ईमेल बंद करा आणि कामाला लागा. मी तेच केलं.

आता बँकेकडून काही आलं नव्हतं का? आलं होतं. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे 2019 पासूनचे नियम आहेत. रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने ग्राहकाला कळवायचं. कोणाला, किती, कधी आणि कशासाठी, हे त्यात हवं आणि नको म्हणायची सोयही हवी. मला 12 तारखेच्या रात्री असा एसएमएस आला. त्यात रक्कम होती, तारीख होती. पण नाव अ‍ॅपचं नव्हतं, ते चालवणाऱ्या कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं होतं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. अनोळखी नाव, मोठी रक्कम आणि खाली लिंक. अशा एसएमएसला हात लावू नका, असं आपल्याला सगळीकडून बजावलेलं असतं. मला तो फसवा वाटला आणि मी डिलीट केला. कंपनीच्या ईमेलमध्ये 'बँकेच्या एसएमएसमध्ये आमचं नाव असं दिसेल' एवढं एक वाक्य असतं, तर मी थांबले असते.

पिन किंवा ओटीपी का विचारला नाही, असंही वाटेल. 2022 पासून 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्यांना दर वेळी तो लागत नाही, फक्त पहिल्यांदा परवानगी देताना लागतो. ती परवानगी मीच दिली होती. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती नोंद पाहिली, तेव्हा तिथे 'दर वर्षी, 5,000 रुपयांपर्यंत' असं लिहिलेलं सापडलं. 399 भरताना मी 5,000 पर्यंतची मुभा दिली होती. त्या पडद्यावर मी फक्त 399 वाचलं. तुम्ही कुठेही ऑटोपे चालू करत असाल, तर 'पर्यंत' या शब्दाआधीचा आकडा वाचा. आज कापली जाणारी रक्कम नुसती आजची असते, पुढच्या वर्षी किती काढू शकतील ते तो दुसरा आकडा सांगतो.

आणि अ‍ॅप काढून टाकल्याने यातलं काहीच बंद होत नाही. परवानगी यूपीआयकडे किंवा कार्डाच्या बँकेकडे असते, फोनमधल्या चिन्हात नसते. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो, तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते आणि पिन टाकून ती रद्द करता येते. गुगलच्या दुकानातून घेतलेलं असेल तर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून `Payments & subscriptions` मध्ये जायचं. कंपनीकडची योजनाही वेगळी रद्द करायची, कारण परवानगी काढली तरी त्यांच्या वहीत तुम्ही सदस्यच राहता.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार केली. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा 13 प्रकारांची नावं आहेत आणि सदस्यत्वाचा सापळा हा त्यातला एक आहे. रद्द करणं अवघड किंवा गुंतागुंतीचं करणं, रद्द करायची जागा लपवून ठेवणं, त्याच्या सूचना संदिग्ध ठेवणं, हे सगळं त्यात येतं. हे लिहून दिल्यावर कंपनीचा सूर मऊ झाला, पण पैसे परत नाहीत. सहा महिने मुदत वाढवून देतो म्हणाले. आईंना ते अ‍ॅप नकोच आहे, तर वाढीव मुदतीचं काय करू?

त्यांना पाठवलेल्या शेवटच्या पत्रात मी त्यांचाच ईमेल नव्याने लिहून जोडला. विषयाच्या ओळीपासून सुरुवात केली, कारण बरेच जण तेवढंच वाचतात.

"14 मार्चला 3,499 रुपये कापले जातील. नको असल्यास 12 मार्चपर्यंत रद्द करा.

तुमची वार्षिक योजना 13 मार्चला संपते. 14 मार्चला तुमच्या यूपीआय खात्यातून पुढच्या वर्षाचे 3,499 रुपये (करांसह) आपोआप कापले जातील. गेल्या वर्षी तुम्ही सवलतीत 399 रुपये भरले होते, ती सवलत आता नाही. गेल्या दहा महिन्यांत तुम्ही अ‍ॅप उघडलेलं नाही.

पुढे नको असेल तर 12 मार्चला रात्री 12 च्या आत खालचं 'योजना रद्द करा' हे बटण दाबा किंवा या ईमेलला 'रद्द' एवढंच उत्तर द्या. कारण सांगावं लागणार नाही. रद्द केल्यावर 13 मार्चपर्यंत सेवा चालू राहील आणि तासाभरात तुम्हाला रद्द झाल्याची पोच येईल. बँकेच्या एसएमएसमध्ये आमच्या कंपनीचं नाव असं दिसेल."

शेवटच्या वाक्यापुढे त्यांनी आपलं नोंदणीकृत नाव घालायचं. जुना दर नव्याशेजारी ठेवला, कारण नुसता 3,499 वाचून कुणाला वाटेल की गेल्या वर्षीही एवढेच असतील. पैसे जाण्याचा दिवस आणि रद्द करायचा शेवटचा दिवस वेगळे असतात, म्हणून दोन्ही तारखा लिहिल्या. पुष्कळ ठिकाणी पहिलीच तारीख दिलेली असते आणि माणूस त्या दिवशी सकाळी रद्द करायला जातो, तोवर उशीर झालेला असतो. पोचेचं वाक्यही मी मुद्दाम घातलं. पोच आली नाही, तर रद्द झालेलं नाही हे आपल्याला वेळेत कळतं.

'नूतनीकरण' हा शब्द मी पूर्ण गाळला. पूर्वी आमच्याकडे टपालाने मासिक यायचं, त्याच्या वेष्टनावर पत्त्याच्या चिठ्ठीतच वर्गणी कोणत्या महिन्यात संपते ते छापलेलं असे. सासऱ्यांनी मनीऑर्डर केली नाही, तर अंक यायचा थांबायचा. आता गप्प बसलं की पैसे जातात. एवढा बदल झालाय, तर निदान 'पैसे कापले जातील' असं सरळ लिहायला हवं. 'योजना पुढे सुरू राहील' यातून ते कळत नाही.

हे करताना मला ताईची अभ्यासिका आठवली. नाशिकला तिची साठ खुर्च्यांची अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची मुलं येतात. महिन्याचे 900 रुपये ऑटोपेने कापले जातात, आणि आठवणीचा एसएमएस दोन वर्षांपूर्वी मीच लिहून दिला होता. काढून पाहिला. सुरुवात "आपल्या यशाच्या वाटचालीत सोबत असल्याचा आम्हाला अभिमान आहे" अशी, आणि फीची रक्कम अगदी शेवटी. तारीख नाहीच. मराठी एसएमएसमध्ये एका तुकड्यात 70 अक्षरचिन्हं मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी वेगळं मोजलं जातं. म्हणजे सगळी जागा अभिमानात गेली होती आणि मुलांच्या फोनवर वरवर दिसणाऱ्या ओळीत पैशांचं नावही नव्हतं. मी कुणाला फसवायला निघाले नव्हते, पण वाचणाऱ्याच्या हातात तेच पडत होतं. फोनवरच ताईला नवा मजकूर सांगितला:

"अभ्यासिका फी 900 रु. 5 जूनला कापली जाईल. नको तर 3 जूनपर्यंत 'बंद' असं व्हॉट्सअ‍ॅप करा."

ताई म्हणाली, "अगं, असं लिहिलं तर पोरं बंद करतील ना!"

केलीच. पहिल्याच महिन्यात चौघांनी बंद केलं. त्यातल्या दोघींची परीक्षा एप्रिलमध्येच झाली होती, त्या गावी परतल्या होत्या आणि मेचे 900 त्यांच्या वडिलांच्या खात्यातून गेले होते. ताईने रजिस्टर काढून पाहिलं, मेमध्ये दोघींची एकही सही नव्हती. त्याच संध्याकाळी तिने दोघींच्या घरी 900-900 परत पाठवले.