उभ्या फोटोचा आडवा फ्लेक्स: आउटपेंटिंग काही महिने वापरल्यावर

फ्लेक्सच्या धंद्यात उभा फोटो ही रोजची डोकेदुखी. गिऱ्हाईक मोबाईलवरचा उभा फोटो पाठवतं आणि बॅनर हवा असतो 10 बाय 4 फुटांचा. पूर्वी मागे ग्रेडियंट टाकून किंवा कडेची भिंत क्लोन करून वेळ मारून न्यायचो. गेल्या दिवाळीपासून हे काम आउटपेंटिंगवर सोपवलंय. क्रॉपची चौकट फोटोच्या बाहेर ओढायची, रिकामी जागा एआय भरून देतं.

आकाश, झाडी, शेत, साधी भिंत असेल तर काम बेमालूम होतं. माणूस कडेला कापला गेला असेल तर मात्र डोकं लावावं लागतं.

अलीकडचंच उदाहरण घ्या. निवृत्त होणाऱ्या एका शिक्षिकाबाईंचा सत्कार होता. फोटो शाळेच्या व्हरांड्यातला, 3000 बाय 4000 पिक्सेलचा. उजव्या कडेला कोपर कापलेलं. पूर्ण उंची ठेवली तर रुंदी 10,000 पिक्सेल लागते, म्हणजे 70 टक्के बॅनर एआयच्या मनचा. म्हणून आधी कमरेपासून वरचा 2400 उंचीचा भाग ठेवला. आता 6000 रुंदी पुरते आणि निम्मं चित्र खरं राहतं. इंचाला 50 पिक्सेल पडतात. लांबून बघायच्या फ्लेक्सला तेवढे चालतात.

दोन्ही बाजूंना वाढवून पाहिलं तर कोपराला हात फुटला, पण बांगड्या दुसऱ्याच आणि बोटं एकमेकांत वितळलेली. मग बाईंना बॅनरच्या उजव्या कडेला टेकवलं आणि सगळी वाढ डावीकडे घेतली. कापलेलं कोपर बॅनरच्या कडेलाच कापलं गेल्यामुळे कुणाला खटकत नाही. डावीकडच्या नव्या भिंतीवर एआयने एक फलक लावला होता. शिरोरेषा झकास, खालची अक्षरं मात्र कुठल्याच भाषेतली नाहीत! नाव आणि तारीख नेमकी त्यावरच बसवली.

काय भरायचं ते एआयला सांगायची सूचनेची जागा मी बहुतेक वेळा कोरीच ठेवतो. ‘सत्कार समारंभ’ असं काही लिहिलं की हार घातलेली अनोळखी मंडळी हजर होतात.

दुसरी अडचण स्क्रीनवर दिसत नाही, छापल्यावर दिसते. नवा भाग बऱ्याचदा कमी रिझोल्यूशनमध्ये तयार होऊन मोठा केलेला असतो. त्यामुळे मूळ फोटोत बारीक दाणे आणि शेजारी गुळगुळीत मेणचट भिंत असा प्रकार होतो. 100 टक्के झूम करून सांध्यावरून नजर फिरवली की कळतं. नव्या लेअरवर थोडा नॉइज टाकला की दोन्ही बाजू जुळतात. छापायला पाठवण्याआधी हे केलंच पाहिजे.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा. साधा पाठवला तर तो आधीच आकसून येतो, मग वाढवायचं तरी काय?