घरच्या फाइलींसाठी स्वतःच लिहिलेलं सर्च इंजिन: काही महिने वापरल्यावर

शेतीविषयक मजकूर संपादित करण्याचं काम करतो. जुने लेख सगळे साध्या `.txt` फाइलींत आहेत, हजाराच्या वर. शोधायला आधी `grep` होतंच, पण ते फक्त कुठे सापडलं एवढं सांगतं. ‘पाणी’ शोधलं की तीनचारशे फाइली समोर, आणि त्यातली आधी कुठली उघडायची हे आपलं आपण ठरवायचं. म्हणून पायथनमध्ये छोटं सर्च इंजिन लिहिलं. आता रोज तेच वापरतो.

आतली रचना सोपी आहे. प्रत्येक शब्दासमोर तो कोणत्या फाइलींत किती वेळा आलाय याची यादी, म्हणजे इन्व्हर्टेड इंडेक्स. शोधताना फाइली उघडायच्याच नाहीत, शब्दांच्या याद्या काढायच्या आणि गुण लावायचे. गुणांसाठी BM25 हे सूत्र घेतलं, शब्द किती वेळा आला त्याचा परिणाम ठरवणारा `k1` 1.2 आणि लेखाच्या लांबीचा परिणाम ठरवणारा `b` 0.75 हे नेहमीचे आकडे ठेवून. त्यांना हात लावायची गरजच पडली नाही.

ते चालतं कसं ते बघा. समजा 1200 फाइलींपैकी ‘पाणी’ 400 फाइलींत आहे आणि ‘ठिबक’ फक्त 12. कमी फाइलींत येणाऱ्या शब्दाला जास्त वजन मिळतं, म्हणून पाण्याचं वजन साधारण 1.1 येतं आणि ठिबकचं 4.6. ‘ठिबक पाणी’ असं शोधलं की ठिबकचे लेख आपोआप वर येतात. लांबीचाही हिशेब होतो: सरासरीच्या चौपट लांब लेखात शब्द 10 वेळा आला तर वजनाला 1.58 ने गुणायचं, निम्म्या लांबीच्या लेखात तो 3 वेळा आला तर 1.76 ने. म्हणजे नेमकं त्याच विषयावरचं छोटं टिपण लांबलचक लेखाच्या पुढे जातं. हे मला फार आवडलं.

खरा वेळ गेला तो शब्द तोडण्यात. इंटरनेटवरचे बहुतेक नमुने `\w+` वापरतात. पायथनच्या `re` ला काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटतच नाहीत. ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात. वाईट म्हणजे एरर येत नाही, निकालही येतात, फक्त भलतेच. ओळखायची खूण सांगतो: इंडेक्समधल्या सगळ्यात लांब याद्यांचे वीस शब्द छापून बघा. ‘आणि’, ‘आहे’, ‘या’ दिसले तर ठीक. ‘क’, ‘र’, ‘त’ अशी सुटी अक्षरं दिसली तर इंडेक्स टाकून द्या. मी हे वापरतो:

```python
import re, unicodedata

def shabda(t):
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = t.replace("र्\u200d", "ऱ्")
    t = re.sub("[\u200c\u200d]", "", t)
    pat = r"[\u0900-\u0963\u0966-\u096f\u0971-\u097f]+|[a-z0-9]+"
    return re.findall(pat, t.lower())
```

`replace` ची ओळ ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्या’ वगैरेंसाठी. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. स्क्रीनवर सारखाच, आत वेगळा. ती ओळ काढली की ‘शेतकऱ्यांना’ शोधल्यावर काही लेख गायब होतात.

पुढचा प्रश्न विभक्तीचा. डाळिंब, डाळिंबाला, डाळिंबावर, डाळिंबाच्या हे इंडेक्सला चार वेगळे शब्द. लेखभर ‘डाळिंबाच्या’ असेल तर ‘डाळिंब’ शोधताना त्याला शून्य गुण. म्हणून ‘च्या’, ‘ला’, ‘वरील’, ‘वर’, ‘त’ असे शेवट लांब ते आखूड या क्रमाने कापतो आणि मग उरलेला काना. इथवर छान. पण ‘पाण्यात’ला ‘पाणी’शी जोडायचं तर ‘्या’ आणि ‘ी’ही कापावे लागतात, आणि तोच नियम ‘तेल्या’चं ‘तेल’ करतो. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती शोधावी आणि वर निंबोळी तेलाचे लेख यावेत!

नियम काढला तर पाणी तुटतं, ठेवला तर तेल्या. शेवटी दोन्ही रूपं इंडेक्समध्ये ठेवली: जसाच्या तसा शब्द जुळला तर पूर्ण गुण, फक्त कापलेलं रूप जुळलं तर निम्मे. शिवाय तेल्या, करपा, भुरी, नाला अशा न कापायच्या शब्दांची एक हाताने केलेली यादी. ती अजून वाढतेय. शब्दांचे शेवट कापून मूळ रूप काढणारा याहून शहाणा स्टेमर असेलही, पण माझ्या लेखांपुरती ही यादी मला जास्त भरवशाची वाटते, कारण ती मी वाचू शकतो.

नवी फाइल जोडायला फाइलची वेळ तपासून तेवढीच पुन्हा वाचतो. पुसलेल्या फाइली मात्र याद्यांतून वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर नसलेला लेख पहिल्या क्रमांकावर येतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फाइली आधी बदलून घ्याव्याच लागतात. इंडेक्सला त्यात मराठी दिसतच नाही.

उरलेली उणीव म्हणजे जवळजवळचे शब्द. ‘ठिबक सिंचन’ आणि ‘ठिबकसिंचन’ अजून दोन वेगळे आहेत, आणि शब्द एकापाठोपाठ आलेत का हेही कळत नाही, कारण याद्यांत मी जागा नोंदवत नाही. नोंदवल्या तर इंडेक्स बराच फुगेल. सध्या वरचे दहा निकाल आले की त्यांच्यावरच `grep` चालवतो, आणि तेवढ्याने भागतं.