जिम्प, सिल्क पेपर आणि फोटोमागे किती घ्यायचे: काही महिन्यांच्या वापरानंतर

हे लिहायचं निमित्त म्हणजे शेजारच्या काकू. लग्नाचा फोटो नीट करून हवा होता. १५० रुपये सांगितले, तर म्हणाल्या, "सॉफ्टवेअर फुकाटचं हाय न्हवं? मग दीडशे कशाचं?" मंगळवार पेठेत असा प्रश्न एकदा पडला की गल्लीभर फिरतो. तेव्हा म्हटलं, उत्तर लिहूनच ठेवावं.

जिम्पची ओळख करून देत बसत नाही. फोटो सुधारायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आणि फोटो साफ करायला लागणारं जवळपास सगळं त्यात आहे. सेव्ह केलं की स्वतःच्याच xcf फाइलमध्ये ठेवतं, जेपीजी हवी तर एक्स्पोर्ट करावं लागतं, हा चावटपणा मला अजून सहन होत नाही. पण माझा खरा राग जिम्पवर नव्हता. तो होता सिल्क पेपरवर.

साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकातले बरेच रंगीत फोटो त्या जाळीदार, खडबडीत कागदावर आहेत. हातात घेतले तर छान दिसतात. बोटांचे ठसे उमटत नाहीत, चकाकत नाहीत, म्हणून लग्नाच्या अल्बमला तोच कागद. पण स्कॅन केला की नवरीच्या गालावर मधमाश्यांचं पोळं! स्कॅनरचा दिवा कागदावर एका बाजूने तिरका पडतो. कागदावरच्या प्रत्येक उंचवट्याची एक बाजू उजळते आणि दुसऱ्या बाजूला बारीक सावली पडते. स्कॅनर ते इमानेइतबारे टिपतो. डीपीआय वाढवला तर जाळी आणखी ठळक होते. हील टूलने एकेक ठिपका घालवायचा म्हटलं तर पुढची दिवाळी येईल. ब्लर मारला तर जाळीबरोबर भुवया आणि मिशाही जातात.

मागच्या महिन्यापर्यंत माझं मत असं होतं की सिल्क पेपरचं काम घेऊच नये, आणि घ्यायचंच तर पैसे मोजून दुसरं सॉफ्टवेअर आणावं. ते मत आता बदललंय, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

फोटो दोनदा स्कॅन करायचा. एकदा सरळ आणि एकदा काचेवर उलटा फिरवून, म्हणजे डोकं खाली. दुसऱ्या वेळी दिवा कागदाच्या विरुद्ध बाजूने येतो, त्यामुळे पहिल्या स्कॅनमध्ये जिथे सावली होती तिथे आता उजेड. दोन्ही स्कॅन ६०० डीपीआयला, सेटिंग एकच, स्कॅनरची स्वतःची रंगसुधारणा बंद. मग दोन्ही एकाच फाइलमध्ये एकावर एक लेयर म्हणून आणायचे, दुसरा १८० अंशांत फिरवायचा आणि वरच्या लेयरची ऑपॅसिटी ५० करायची. उजेड आणि सावली एकमेकांना खातात. चेहरा राहतो.

गोम आहे ती दोन्ही लेयर तंतोतंत जुळवण्यात. नुसत्या डोळ्याने जमत नाही. वरच्या लेयरचा मोड `Difference` करायचा आणि ऑपॅसिटी १०० ठेवायची. दोन्ही बरोबर बसले की चित्र जवळजवळ काळं पडतं, फक्त जाळीची अंधूक खूण उरते. नथीभोवती किंवा फेट्याच्या कडेला पांढरट रेघ दिसत असेल तर लेयर अजून सरकलेला आहे. बाण-कळीने एकेक पिक्सेल हलवायचा. एक कोपरा काळा आणि दुसऱ्यात रेघ असेल तर फोटो काचेवर किंचित तिरका पडला होता, मग अंशाच्या दशांशाने फिरवायचं. जमलं की मोड परत `Normal` आणि ऑपॅसिटी ५०.

जाळी शंभर टक्के जात नाही. प्रकाशाच्या दिशेतली जाते, आडवी थोडी राहते. पण छापलेल्या फोटोत ती कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येते, तो माझा आजार.

आता काकूंचा फोटो. पोस्टकार्ड आकाराचा, सिल्क पेपर, सगळा लालसर झालेला, मधोमध घडी. लाली येते कारण अशा जुन्या प्रिंटमधला निळसर रंग, ज्याला छपाईवाले सायन म्हणतात, तो बऱ्याचदा आधी उडतो. `Levels` मध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगवेगळे धरून दोन्ही टोकं आकृतीच्या कडेपर्यंत आणली की शालू पुन्हा हिरवा होतो. हे पाच मिनिटांचं काम. बघणाऱ्याला हाच चमत्कार वाटतो, आणि याचेच पैसे सगळ्यात कमी व्हायला हवेत.

माझा हिशोब मिनिटाला २ रुपये. साधा गुळगुळीत कागद असेल तर स्कॅन, रंग आणि धूळ मिळून २० मिनिटं, म्हणजे ४० रुपये. सिल्क पेपर असेल तर दुसरा स्कॅन आणि जुळवणी, आणखी २० मिनिटं, आणखी ४०. काकूंच्या फोटोतली घडी काकांच्या कोटावरून आणि काकूंच्या हातावरून गेलेली, तिला ३५ मिनिटं, म्हणजे ७०. झाले की नाही १५०? सॉफ्टवेअरचे शून्यच धरलेत.

घडीचा दर लांबीवर लावू नका, ती कुठून जाते त्यावर लावा. मागच्या पडद्यावरचा वीतभर तडा दहा मिनिटांत जातो. ओठावरचा नखाएवढा तडा तासभर खातो. एका फोटोत आजोबांचा एक डोळाच उडालेला होता. दुसरा डोळा उलटा करून चिकटवता येतो, पण उजेडाचा ठिपका चुकीच्या बाजूला जातो आणि माणूस दुसराच कुणी वाटतो. घरच्यांकडे त्याच वयाचा दुसरा फोटो असेल तरच असं काम घेतो, आणि दर आधी सांगतो.

उलट हळदी-कुंकवाचे डाग स्वस्तात करतो. फोटो काळा-पांढरा असेल आणि त्यावरच टिळा लावलेला असेल तर `Decompose` करून तीन चॅनेल वेगळे काढायचे. लाल चॅनेलमध्ये हळद आणि कुंकू दोन्ही जवळजवळ नाहीसे होतात, कारण दोन्ही लाल प्रकाश परतवतात. तोच चॅनेल ठेवायचा. मात्र टिळा खाली कागद खरवडून गेला असेल तर उपयोग नाही.

दर सांगण्याआधी फोटो घरी आणून मोबाईलची बॅटरी अगदी तिरकी धरून बघतो. जाळी लगेच दिसते. मग आकडा चिठ्ठीवर लिहून देतो, छपाईचे पैसे स्टुडिओचे वेगळे हेही त्यावरच. झालेला फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि मग "तू केलेला फोटो फुटतोय की रे" हे ऐकावं लागतं.

स्कॅनरबद्दल एकच तक्रार. माझा स्वस्तातला, पातळ, सीआयएस प्रकारचा आहे. त्याला फक्त काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. २०१९ च्या पुरात भिजून फ्रेमच्या काचेला चिकटलेले फोटो अजून येतात. ते ओढून काढायचे नाहीत, वरचा थर काचेलाच राहतो. काचेसकट स्कॅन केले तर मधल्या अंतरामुळे धूसर येतात. जुना जाड सीसीडी स्कॅनर इथे सरस ठरतो, पण वापरलेल्यालाही चार हजार सांगतात. ४० रुपयांच्या फोटोंवर ते शंभर फोटोंनी फिटणार, तेही माझी मिनिटं फुकट धरली तर. तोवर अशी फ्रेम आली की गच्चीवर सावलीत काळ्या कापडासमोर धरून मोबाईलने फोटो काढतो, आणि स्कॅनचे पैसे लावत नाही.