उताऱ्यात गुण अडकलेत, हातात चार आठवडे: रोज नवा उतारा की चुकांची चिरफाड?

बोर्डाच्या परीक्षेला महिना उरलाय आणि आकलनाच्या प्रश्नात गुण काही केल्या वर जात नाहीत, अशा वेळी दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे घड्याळ लावून रोज एक नवा उतारा सोडवायचा. दुसरा म्हणजे आठवड्याला तीनच उतारे घ्यायचे, पण प्रत्येक चूक कुठून आली ते खोदून काढायचे. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या मुलांना. त्यामुळे आधी पाऊण तासाची एक चाचणी घ्या.

न वाचलेला उतारा निळ्या पेनाने परीक्षेच्या वेळेत सोडवायला द्या. वेळ संपली की हातात हिरवे पेन द्या आणि हवा तेवढा वेळ घेऊन उत्तरे सुधारू द्या. दोन्ही रंगांचे गुण वेगळे मोजा. हिरव्या पेनाने गुण बरेच वाढले, तर समजते आहे, फक्त वेळ पुरत नाही. जवळपास तेवढेच राहिले, तर अडचण समजण्यातच आहे आणि घड्याळाने ती सुटणार नाही.

पहिल्या प्रकारच्या मुलाला रोजचा नवा उतारा मानवतो. पहिले दोन आठवडे नेहमीची वेळ द्यायची, तिसऱ्यात दोन-तीन मिनिटे कमी करायची, चौथ्यात पूर्ण पेपरमध्येच उतारा सोडवायचा. आधी प्रश्न वाचून मग उताऱ्याकडे वळायची सवय इथे खरोखर वेळ वाचवते. या आराखड्यात एक फसवणूक मात्र होते. ओळखीच्या विषयावरचा उतारा आला की गुण उडी मारतात आणि प्रगती झाल्यासारखे वाटते. क्रिकेटवरच्या उताऱ्यात मिळालेले गुण खरे समजू नका. अनोळखी विषयावरचे गुण वाढतात का, तेवढेच पाहा.

दुसऱ्या प्रकारच्या मुलाने असे वीस-पंचवीस उतारे सोडवले तरी तो तीच चूक तितक्या वेळा करेल. माझ्या मते गुण खरोखर अडकलेल्या बहुतेक मुलांची गोष्ट हीच असते. त्यांची चूक कशी दिसते, ते एका उदाहरणावरून पाहू.

‘धरण झाल्यावर खालच्या गावांना बारमाही पाणी मिळाले. पण पुराबरोबर येणारा गाळ धरणातच अडकू लागला. शेतांना दरवर्षी आपोआप मिळणारे खत त्यामुळे बंद झाले आणि शेतकरी रासायनिक खतांकडे वळले.’

प्रश्न: शेतकरी रासायनिक खतांकडे का वळले? मुलगी लिहिते, ‘कारण धरणामुळे बारमाही पाणी मिळाले.’ तिने प्रश्न नीट वाचला, उतारा वाचला, शब्दही सगळे कळले. पण ‘त्यामुळे’ हा शब्द गाळाकडे बोट दाखवतो, हे तिने पाहिले नाही. ‘पण’पाशी वाक्याने वळण घेतले, तेही निसटले. मग तिने पहिलीच ठळक ओळ उचलून लिहिली.

म्हणून दुसऱ्या आराखड्यात पहिला आठवडा घड्याळाशिवाय जातो. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे चारपैकी एक कारण लिहायचे: प्रश्न चुकीचा वाचला, ओळ सापडली नाही, ओळ सापडली पण संबंध लागला नाही, किंवा कळले पण उत्तर अर्धे लिहिले. आठवड्याअखेर एक कारण बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा आलेले दिसते. दुसरा आठवडा फक्त त्या कारणाला द्यायचा. वरच्या मुलीने उताऱ्यातल्या प्रत्येक ‘पण’, ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’भोवती गोल करून तो कशाला जोडतो तिथपर्यंत बाण काढायचा. उत्तर अर्धे राहत असेल, तर प्रश्नाचे गुण आणि उत्तरातले मुद्दे जुळतात का, ते मोजायचे.

तिसऱ्या आठवड्यात घड्याळ परत येते, आधी दीडपट वेळ आणि आठवडा संपताना नेहमीची. हे टाळले तर मुलाला उतारा समजतो, पण पेपर अर्धा राहतो. चौथा आठवडा पूर्ण पेपरांचा. या आराखड्यात सुरुवातीला गुण आणखी घसरू शकतात, कारण मूल अंदाजाने लिहायचे थांबवते. त्या आठवड्यात घाबरून आराखडा बदलू नका.

दोन्ही आराखडे सुरू करण्याआधी मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. तो शब्दाशब्दाला अडखळत असेल, तर त्याचे सगळे लक्ष अक्षरे जुळवण्यातच जाते. मग तेवढाच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न तोंडी विचारा. ऐकून उत्तरे बरोबर आली, तर रोज दहा मिनिटे एकच परिच्छेद तीन-चार वेळा मोठ्याने वाचणे हेच पहिले काम आहे. ऐकूनही उत्तरे येत नसतील, तर बहुधा शब्दसंग्रह अपुरा आहे. तो चार आठवड्यांत फारसा बदलत नाही, त्यामुळे शब्दांच्या याद्या पाठ करायला लावू नका. अनोळखी शब्दाचा अर्थ त्याच्या मागच्या-पुढच्या वाक्यांतून लावण्याचा सराव याच उताऱ्यांवर करून घ्या, आणि ज्या प्रश्नांचे उत्तर उताऱ्यात सरळ सापडते ते एकही सुटू देऊ नका.