पाठीतलं पाणी : पेशी, प्रोटीन की साखर?

तालुक्याच्या गावात मेनिंजायटिसचा रुग्ण आला की एलपी करून पाणी काढणं हा सोपा भाग असतो. अँटिबायोटिकचा पहिला डोस तर रिपोर्टची वाट न बघता द्यायचाच असतो. खरा प्रश्न त्यानंतरचा. हे जिवाणूंचं समजून पुढे चालू ठेवायचं, विषाणूंचं समजून थांबवायचं, की बुरशीच्या दिशेने शोध घ्यायचा? कल्चरला दोन-तीन दिवस लागतात आणि पीसीआरसाठी पाणी घाट चढून कोल्हापूरला जातं. तोवर हातात तीनच आकडे असतात.

पुस्तकातलं चित्र तुम्हाला ठाऊकच आहे. जिवाणूंमध्ये पेशी हजाराच्या वर आणि बहुतेक पॉली, प्रोटीन शंभराच्या वर, साखर खाली. विषाणूंमध्ये पेशी शे-दोनशे, बहुतेक लिंफो, प्रोटीन थोडं वाढलेलं, साखर जागच्या जागी. बुरशीत लिंफो, वाढलेलं प्रोटीन आणि खाली गेलेली साखर. तिन्ही आकडे एकच सांगत असतील तर काही वाचायची गरज नाही. ते एकमेकांशी भांडायला लागतात तेव्हा कुणाचं ऐकायचं, एवढंच इथे लिहितो.

प्रोटीनचं लवकर आटोपतं. ते तिन्हींत वाढतं आणि टीबीतही वाढतं. सुई टोचताना रक्त मिसळलं तरी वाढतं. दर हजार तांबड्या पेशींमागे साधारण एक मिलिग्रॅम वजा करायचं असतं. अडीचशे-तीनशेच्या वर गेलं तर विषाणूंची शक्यता मी जवळजवळ सोडून देतो. साठ ते दीडशेच्या मधलं प्रोटीन मला काहीच सांगत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक रिपोर्ट त्याच पट्ट्यात येतात.

पेशींचं तसं नाही. ताजं पाणी न्यूबावर चेंबरवर घालून जवळच्या टेक्निशियनने लगेच मोजलं, तर त्याच्याइतकी बोलकी तपासणी दुसरी नाही. पाणी पातळ न करता चेंबरचे नऊही मोठे चौकोन मोजायचे, आलेल्या संख्येला नवाने भागून दहाने गुणायचं, की दर मायक्रोलिटरचा आकडा मिळतो. दहा मिनिटांचं काम.

माझी अडचण त्या दहा मिनिटांआधीच्या वेळेची होती, आणि खरं सांगायचं तर साखरेचं ऐकायचा माझा निर्णय तिनेच केला. राजापूरच्या आसपासच्या गावांतून नमुना मोठ्या लॅबला जातो तो एसटीने किंवा कुणाच्या तरी गाडीवरून, मे महिन्यातल्या उकाड्यात नाहीतर जुलैच्या पावसात. पॉली पेशी पाण्यात टिकत नाहीत. साध्या तापमानाला तासाभरात त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश फुटून जातात, दोन तासांत निम्म्याच्या आसपास. लिंफो मात्र बऱ्याच टिकतात. म्हणजे उशीर झाला की नुसता आकडा कमी होत नाही, प्रमाणही उलटतं. सकाळी जे पाणी जिवाणूंचं होतं ते दुपारी विषाणूंसारखं दिसायला लागतं, आणि रिपोर्टवर नमुना किती वाजता काढला हे कुणी लिहीत नाही. याचा मला अजूनही संताप येतो. चुकीचा रिपोर्ट निदान शंका तरी आणतो. हा रिपोर्ट बरोबर वाटतो.

साखरेला हा रोग नाही, एक काळजी घेतली तर. साध्या बल्बमध्ये पेशी आणि जिवाणू वाटेतच साखर खातात. राखाडी झाकणाच्या फ्लोराईड बल्बमध्ये घातली तर ते खाणं थांबतं आणि उशिराने मोजली तरी भरवसा ठेवता येतो. दुसरी काळजी त्याहून महत्त्वाची : एलपीच्या आधी, सुई घालण्यापूर्वीच, रक्तातली साखर घेऊन केसपेपरवर वेळेसकट लिहायची. पाण्यातल्या साखरेला एकटीला अर्थ नाही. ती रक्तातल्या साखरेच्या साधारण ०.६ पट असते. ०.४ च्या खाली गेली की मी जिवाणू, टीबी किंवा बुरशी यांच्यापलीकडे फारसं बघत नाही.

जैतापूर बाजूचा एक खलाशी आला होता. पन्नाशीतला, मधुमेही, दोन दिवसांचा ताप, मान कडक, गुंगीत. एक कान महिनाभर वाहत होता. दुपारी रिपोर्ट आला : पेशी २४०, त्यांत पॉली ५५ टक्के, प्रोटीन १३०, साखर ६२. साखरेपुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं, कारण छापील मर्यादा ४० ते ७०. हा कागद घेऊन कुणी ‘सुरुवातीचा विषाणूचा आजार’ म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढता आलं नसतं, कारण विषाणूंमध्येही पहिल्या दिवस-दोन दिवसांत पॉली जास्त असू शकतात. पण एलपीच्या आधीची रक्तातली साखर होती २१०. बासष्ट भागिले दोनशे दहा, म्हणजे ०.३ च्या आतच. त्या ‘नॉर्मल’ साखरेचा अर्थ तिथे उलटला. नमुना चार तासांनी मोजला गेला होता, त्यामुळे २४० हा आकडा मुळात बराच मोठा असणार हेही जुळलं. सेफ्ट्रायॅक्झोन, व्हँकोमायसिन आणि डेक्सामेथासोन सुरू होतंच, ते तसंच ठेवलं. कल्चरमध्ये न्यूमोकॉकस आला.

तरीही साखरेपुढे डोळे मिटून मान हलवू नका. पाण्यातली साखर रक्तामागून काही तासांनी चालते. रुग्ण आल्याआल्या कुणी पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज सोडलं असेल तर रक्तातली साखर उडी मारते आणि गुणोत्तर खोटंच खाली दिसतं. रक्तातली साखर तीनशे-चारशे असेल तेव्हाही ते आपोआप घटतं. तिथे मी ०.३ धरतो. आणि गावातल्या डॉक्टरांनी आधीच दिवसभर अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली असतील तर साखर पटकन सावरते, प्रोटीनही उतरतं, पेशी मात्र बराच काळ वाढलेल्या राहतात. अशा रुग्णात मी माझी आवड बाजूला ठेवतो आणि पेशींचं ऐकतो, भले त्या उशिरा मोजलेल्या असोत. जास्त आल्या तर त्या जास्तच आहेत. कमी आल्या तरच शंका.

भातलावणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. साखर चांगली, लिंफो शंभरेक, म्हणून विषाणू म्हणून मोकळे होऊ नका. लेप्टोचं पाणी अगदी असंच दिसतं. डोळे लाल आहेत का, पोटऱ्या दुखतात का आणि रुग्ण चिखलात उतरला होता का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

बुरशीच्या बाबतीत मात्र साखर फक्त दारापर्यंत नेते. डोकेदुखी तीन-चार आठवड्यांची, गुणोत्तर खाली आणि पेशी लिंफो, एवढ्यावर क्रिप्टोकॉकस आणि टीबी वेगळे करता येत नाहीत. एचआयव्ही असलेल्या रुग्णात क्रिप्टोकॉकस असूनही अनेकदा पेशी जवळजवळ नसतात, त्यामुळे ‘पेशी पाच, सगळं ठीक’ या वाक्यावर तिथे विसंबू नका. शिवाय चेंबरमध्ये हे यीस्ट लिंफोसारखेच गोल दिसतात आणि त्यांत मोजले जातात. म्हणून रुग्ण आठवडेच्या आठवडे डोकं धरून बसलेला असेल तर मी टेक्निशियनला फोन करून इंडिया इंक करायला सांगतो, जमेल तिथे क्रिप्टोकॉकल अँटिजेनची पट्टी लावतो, आणि एलपी करतानाच मॅनोमीटरने दाब मोजून ठेवतो. पंचवीस सेंटिमीटरच्या वर दाब असेल तर पाणी काढून तो उतरवणं हाच त्या दिवसाचा पहिला उपचार असतो.