सीआरआर की जॅरो-रड? ईसॉपच्या बायनॉमिअल ट्रीसाठी कुठला घ्यावा

मडगावला सीए असलेल्या माझ्या मैत्रिणीकडे वेर्ण्यातल्या एका कंपनीच्या ईसॉपचं मूल्यांकन आलं. एक्सेलमध्ये ट्री मांडायचा एवढं ठरलं होतं, पण एका पायरीत भाव किती पटीने वर आणि खाली जातो ते u आणि d कुठल्या सूत्राने काढायचे इथे गाडी अडली. दोन्ही पद्धतींना लागतं तेच: वार्षिक व्होलॅटिलिटी σ, जोखीममुक्त व्याजदर r आणि एका पायरीची लांबी dt, वर्षांत.

```
CRR:  u = exp(σ√dt),  d = 1/u
      p = (exp(r·dt) − d)/(u − d)
JR:   u = exp((r − σ²/2)dt + σ√dt)
      d = exp((r − σ²/2)dt − σ√dt)
      p = 1/2
```

सीआरआर म्हणजे कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांची 1979 ची पद्धत. तिच्यात भाव एकदा वर आणि एकदा खाली गेला की जिथून निघाला तिथेच परत येतो, आणि बाजाराचा कल p, म्हणजे वर जाण्याची शक्यता, सांभाळते. जॅरो-रडमध्ये कल u आणि d मध्येच मुरवलेला असतो, म्हणून p निम्मा ठेवता येतो.

पायऱ्या वाढवल्या की दोन्ही ब्लॅक-शोल्सकडेच जातात. प्रश्न आहे तो वाटेचा. भाव 100, स्ट्राइक 100, r 5%, σ 20%, मुदत 1 वर्ष धरा. युरोपियन कॉलचं सूत्राचं उत्तर 10.45. सीआरआर 3 पायऱ्यांत 11.04 देतो आणि 4 पायऱ्यांत 9.97. एकदा वर, एकदा खाली. 100 पायऱ्यांनाही 10.43 येतात, म्हणजे दोन पैसे कमीच. याचं कारण शेवटच्या रांगेत सापडतं. पायऱ्या सम असल्या की मधली गाठ बरोबर स्ट्राइकवर बसते, विषम असल्या की स्ट्राइक दोन गाठींच्या मधोमध पडते. पायऱ्यांची संख्या N धरली तर चूक साधारण 1/N च्या वेगाने घटते, पण हेलकावे घेत. लागोपाठच्या दोन N ची सरासरी घेतली की बरीचशी चूक कटते: 3 आणि 4 पायऱ्यांच्या आकड्यांची सरासरी 10.51.

जॅरो-रडने 4 पायऱ्यांत 10.43 दिले तेव्हा मैत्रीण म्हणाली, "हाच घेऊया की!" मी तिला 3 पायऱ्या टाकायला लावल्या. आले 11.02. चारवरची जवळीक निव्वळ योगायोग होती. म्हणून एका N वरून पद्धत निवडू नये, निदान दोन शेजारचे N पाहावेत.

सीआरआरची एक अडचण मात्र खरी आहे. व्होलॅटिलिटी कमी आणि पायरी लांब असली की p एकच्या वर जातो. σ 3%, r 7%, वर्षाला 5 पायऱ्या घेतल्या तर p येतो 1.022. dt हा σ²/r² पेक्षा लहान ठेवला की हे टळतं. इथे 6 पायऱ्या पुरतात. शेअरची व्होलॅटिलिटी इतकी कमी क्वचितच असते, त्यामुळे ईसॉपवाल्याने याची फार धास्ती घेऊ नये.

साधा युरोपियन कॉल असेल तर ट्रीची गरजच नाही, सूत्र वापरावं. ट्रीच हवा असेल तर लायसन-राइमर (1996, विषम N) यांची मांडणी या दोन्हींपेक्षा खूप लवकर जुळते, कारण ती ट्री स्ट्राइकभोवती मांडते. पण ईसॉपमध्ये बहुधा असं गृहीत धरतात की भाव स्ट्राइकच्या दुप्पट झाला की कर्मचारी हक्क वापरून मोकळा होतो. म्हणजे 200 वर एक रेषा आली, आणि निवड याच रेषेवर ठरते.

सीआरआरमध्ये भावांचे थर काळाबरोबर हलत नाहीत, त्यामुळे 200 ची रेषा कुठल्या थराजवळ आहे हे आधीच मोजता येतं. जॅरो-रडमध्ये थर दर पायरीला थोडे सरकतात (आपल्या आकड्यांत दर महिन्याला सुमारे 0.25%), आणि रेषा कधी थरावर तर कधी दोन थरांच्या मध्ये राहते. म्हणून माझा कौल सीआरआरला.

तिथेही एक फसगत आहे. मुदत 5 वर्षं, दर महिन्याला एक पायरी, म्हणून मैत्रिणीने N 60 घेतला. बारावा थर येतो 199.93 वर. "200 किंवा जास्त" ही अट तिथे सात पैशांनी हुकते आणि ट्री रेषा प्रत्यक्षात तेराव्या थरावर, 211.82 वर धरतो. N 59 केला की बारावा थर 201.11 वर येतो आणि अट तिथेच लागू होते. एका पायरीच्या फरकाने उत्तर उडी मारत असेल तर सूत्र तपासण्याआधी थर छापून पाहा.