फिफ्टीन की फिफ्टी? आकड्यांच्या श्रुतलेखनाचा ऑडिओ संच, पावसाळा ते दिवाळी वापरून

नणंदेला नर्सिंगसाठी इंग्लंडला जायचंय, म्हणून आमच्याकडे आयईएलटीएसची तयारी चालू आहे. बडोद्यात अलकापुरीकडे क्लास पुष्कळ आहेत, पण आम्हाला फक्त आकड्यांचा सराव हवा होता. त्यासाठी इंग्रजी आकडे, तारखा, वेळा आणि फोन नंबर यांच्या श्रुतलेखनाचा संच विकत घेतला. ऐकायचं, लिहायचं, उत्तर पडताळायचं, इतकंच त्यात आहे. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते आणि पहिल्या भागात बहुधा फॉर्मच भरायचा असतो. तिथे एक आकडा चुकला की तो गुण गेलाच.

संचाची सुरुवात जोरापासून होते: फिफ्टीनमध्ये जोर ‘टीन’वर, फिफ्टीमध्ये ‘फिफ’वर. आकडा वाक्याच्या शेवटी असला की हे पक्कं लागू पडतं. गाडी ‘टेन फिफ्टीन’ला की ‘टेन फिफ्टी’ला, हे जोरावरूनच कळतं. वेळ म्हणून १०.१५ आणि १०.५० दोन्ही शक्य असल्याने इथे संदर्भ मदतीला येत नाही, आणि संचातला हा भाग खरोखर उत्तम आहे.

अडचण पुढे येते. फिफ्टीननंतर लगेच जोराचा शब्द आला, उदाहरणार्थ ‘फिफ्टीन स्टुडंट्स’, की इंग्रजी बोलणारे जोर मागे ‘फिफ’वर नेतात. मग जोरापुरतं पाहिलं तर १५ आणि ५० सारखेच होतात. ओळीने मोजतानाही, थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीन, असंच होतं. संचात बहुतेक आकडे सुटे किंवा वाक्याच्या शेवटी आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यात जवळजवळ येतच नाही. माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

आम्ही मग कान शेपटीकडे लावला. ‘टीन’मधला ट ठसठशीत असतो, हवेच्या झोतासकट, आणि ई लांबते. फिफ्टीचा ट हलका आणि शेवटची ई आखूड. शेवटचा ‘न’ ऐकू येईल या भरवशावर राहू नये. ‘फिफ्टीन मिनिट्स’ भरभर म्हटलं की तो पुढच्या म मध्ये मिसळून जातो. अमेरिकन वक्ता असेल तर आणखी एक खूण सापडते: थर्टी, फोर्टी, एटी यांतला ट जवळजवळ ड सारखा होतो, थर्डी, फोर्डी, एडी. थर्टीन, फोर्टीन, एटीनमध्ये तसं होत नाही, म्हणून ड ऐकू आला की ३०, ४०, ८० लिहावं. फिफ्टीत ट च्या आधी फ असल्यामुळे ही खूण मिळत नाही, तिथे ई ची लांबीच पाहावी लागते.

सालांनाही हेच लागू होतं, कारण १८१५ आणि १८५० दोन्ही खरी सालं असू शकतात. तारखांत मात्र धोका एकाच जोडीचा आहे, १३ आणि ३०, कारण चाळीस-पन्नास तारीख नसतेच. नणंद अजूनही विचारते, “वहिनी, थर्टीन्थ होतं ना?” तिथे मी तुकडे मोजायला सांगते: थर्टीन्थचे दोन, थर-टि-इथचे तीन.

फोन नंबरचा भाग मला सर्वांत आवडला. ०७७०० ९००५५८ हा नंबर घ्या (ब्रिटनमध्ये ही मालिका नाटक-सिनेमातल्या खोट्या नंबरांसाठी राखून ठेवली आहे). तो असा वाचतात: ‘ओ, डबल सेव्हन, डबल ओ, नाइन, डबल ओ, डबल फाइव्ह, एट’. शून्याला ओ म्हणतात. डबल ऐकल्यावर पुढचा अंक येईपर्यंत हात थांबवायचा आणि मग तो दोनदा लिहायचा. शेवटी अंक मोजायचे, ११ झाले पाहिजेत. कमी भरले तर बहुधा एखादं डबल सुटलेलं असतं. परीक्षेत वक्ता कधी कधी ‘एट फाइव्ह फाइव्ह’ म्हणून लगेच ‘सॉरी, फाइव्ह फाइव्ह एट’ असं सुधारतो. त्यामुळे नंबर लिहून झाल्यावरही पुढचं एक वाक्य ऐकावं. अशी सुधारणा संचात फार थोड्या ठिकाणी आहे.

मराठी-गुजराती घरात आणखी एक गोष्ट जपावी लागते. आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी घेतो आणि इंग्रजीत चाळीस आधी येतात. मनात मराठी करून लिहिलं की ४७ चे ७४ होतात. त्यावर उपाय एकच: ‘फोर्टी’ ऐकताच ४ लिहून मोकळं व्हायचं, पूर्ण आकड्याची वाट पाहायची नाही.

किंमत बेताची आहे, आवाज स्वच्छ आहे, वक्ते ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन आहेत. सुरुवात करणाऱ्याने जरूर घ्यावा. सुटे आकडे नीट जमू लागले की मात्र आयईएलटीएसच्या संकेतस्थळावरचे मोफत नमुने घेऊन पूर्ण संभाषणांवर सराव करावा, तेही मध्ये न थांबवता. संगणकावरच्या परीक्षेत शेवटी तपासायला फक्त २ मिनिटं मिळतात, म्हणून आकडा पहिल्याच वेळी नीट टाइप करण्याची सवय लावून घ्यावी.